जकात, दान आणि दशांश : तीन शब्द, तीन हिशेब

मराठीत ‘जकात’ हा शब्द उच्चारला की बहुसंख्य वाचकांच्या डोळ्यांसमोर नाका उभा राहतो, मालमोटारींची रांग उभी राहते आणि पावती फाडणारा कारकून दिसतो. गरिबाचा हक्क मात्र कोणाला आठवत नाही. याचे कारण असे की, मूळ अरबी शब्द या मुलखात आला तो राजसत्तेच्या महसूलखात्यातून. मुसलमानी राज्यांत व्यापारी मालावर घेतल्या जाणाऱ्या करालाही हेच नाव होते, आणि औरंगजेबाच्या कारकिर्दीत १६६५ साली तो मुसलमान व्यापाऱ्यांसाठी अडीच टक्के आणि हिंदू व्यापाऱ्यांसाठी पाच टक्के असा ठरवण्यात आला होता. त्या अडीच टक्क्यांत धर्मशास्त्रातल्या दराची खूण शिल्लक असली, तरी वसुलीमागचा हेतू बदललेला होता. पुढे हा शब्द नगरपालिकांच्या प्रवेशकराला चिकटला आणि मुंबईत १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत टिकला.

दानधर्म आणि अर्थशास्त्र यांच्या सांध्यावरचे लेखन वाचताना शब्दांचा हा प्रवास लक्षात ठेवावा लागतो. त्या लेखनात इस्लाममधील जकात, भारतीय परंपरांतील दान आणि यहुदी-ख्रिस्ती परंपरेतील दशांश (इंग्रजीत ज्याला टाईथ म्हणतात, तो दहावा हिस्सा) ही तिन्ही ‘धार्मिक देणगी’ या एकाच मथळ्याखाली घातली जातात आणि मग कोणत्या धर्माचे लोक उत्पन्नाच्या किती टक्के देतात याचे कोष्टक मांडले जाते. या कोष्टकात गफलत आहे. ती आकड्यांत शिरण्याआधीच शब्दांत शिरलेली असते, कारण तिन्ही संज्ञांत देणे कशावर मोजायचे, ते कोणाला पोहोचले पाहिजे आणि ते पुरे झाले असे केव्हा म्हणायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

जकात या शब्दाच्या धातूत शुद्ध होणे आणि वाढणे असे दोन्ही अर्थ आहेत. संपत्तीतला ठरावीक भाग बाहेर काढल्याने उरलेली संपत्ती शुद्ध होते, अशी त्यामागची कल्पना आहे. इस्लामच्या पाच स्तंभांपैकी ती एक असल्याने ती ऐच्छिक नाही. स्वेच्छेने जे द्यायचे त्याला ‘सदका’ असा वेगळा शब्द आहे, जरी कुराणात सदका हा शब्द काही ठिकाणी जकातीसाठीही आलेला असला तरी. त्यामुळे मराठी वृत्तपत्रांतून जकातीचे ‘सक्तीचे दान’ असे जे भाषांतर होते, ते समजण्यास सोपे असले तरी त्यात मूळ कल्पना हरवते. शास्त्रकारांच्या दृष्टीने धनिकाच्या संपत्तीतला तो भाग मुळातच गरिबाचा असतो, म्हणून तो देणारा माणूस उदार ठरत नाही, देणे चुकते करणारा ठरतो.

हिशेबाच्या बाजूने पाहिले, तर जकात उत्पन्नावर नसते, साठ्यावर असते. ‘निसाब’ म्हणजे किमान मर्यादा. त्याहून अधिक संपत्ती एक चांद्रवर्ष मालकीत राहिली की तिच्या चाळिसाव्या भागाइतकी, म्हणजे अडीच टक्के, जकात देय होते. भारतातल्या हनफी पंथीयांत निसाब साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी असा सांगितला जातो, म्हणजे साधारण ८७ ग्रॅम सोने किंवा ६१२ ग्रॅम चांदी. राहते घर, अंगावरचे कपडे, धंद्याची अवजारे यांवर जकात नाही. सोनेनाणे, रोकड, विक्रीसाठीचा माल आणि वसूल होण्याजोगी येणी यांवर आहे. एखाद्या कापड दुकानदाराकडे वर्षाअखेरीस चार लाखांची रोकड आणि विक्रीच्या किमतीने सहा लाखांचा माल असेल आणि त्याला दोन लाखांचे कर्ज फेडायचे असेल, तर आठ लाखांवर वीस हजार रुपये जकात होईल. त्याने त्या वर्षी बारा लाख कमावले की तीन लाख, हा प्रश्न या हिशेबात येतच नाही. उलट, बारा लाख मिळवून ते सगळे खर्चून टाकणाऱ्या आणि अंगावर सोनेही नसलेल्या नोकरदारावर काहीच जकात बसत नाही, तर काही न कमावणाऱ्या पण वीस तोळे सोने बाळगून असलेल्या विधवेवर बसते. दागिने वापरातले असतील तर जकात नाही, असे इतर पंथांतले अनेक शास्त्रकार मानतात; हनफी मात्र मानत नाहीत.

साठ्यावरचे अडीच टक्के हे उत्पन्नावरच्या अडीच टक्क्यांसारखे नसतात, ही गोष्ट तुलनात्मक लेखनात फार वेळा निसटते. पडून राहिलेल्या रकमेवर काही परतावा मिळत नसेल, तर जकात मुद्दलच खाते. वर्षाला पाच टक्के मिळत असतील, तर जकात त्यातला निम्मा वाटा नेते. इस्लामी अर्थशास्त्राच्या लेखकांनी यावरून असे प्रतिपादन केले की, जकात ही निष्क्रिय पैशाला कामाला लावणारी योजना आहे. तर्क चुकीचा नाही, पण एकांगी आहे, कारण तीच जकात दुकानातल्या विक्रीच्या मालावरही बसते आणि राहत्या घरात किंवा शेतजमिनीत गुंतवलेल्या पैशावर बसत नाही. म्हणजे पैसा व्यापाराकडेच वळेल याची खात्री नाही. तो जमीनजुमल्याकडेही वळू शकतो. निसाबाच्या दोन मापांतही अशीच गाठ पडली आहे. प्रेषितांच्या काळी दोनशे दिरहम चांदी आणि वीस दिनार सोने यांची किंमत जवळपास सारखी होती, पण चांदी सोन्याच्या तुलनेत इतकी उतरली की आज सोन्याचा निसाब चांदीच्या निसाबाच्या सुमारे दसपट किंवा त्याहूनही जास्त भरतो. चांदी धरली तर जेमतेम शिल्लक असलेली कुटुंबेही देणाऱ्यांत येतात. सोने धरले तर तीच कुटुंबे जकात घेण्यास पात्र ठरू शकतात.

जकात कोणाला द्यायची, हे कुराणाच्या ‘तौबा’ या सूऱ्यातील साठाव्या आयतीत ठरवून दिले आहे: गरीब, अतिगरीब, वसुली करणारे, ज्यांची मने जिंकायची आहेत असे लोक, गुलामगिरीतून सुटू पाहणारे, कर्जबाजारी, अल्लाहच्या मार्गातले आणि वाटेत अडकलेले प्रवासी. आपले आईबाप, मुले किंवा पत्नी यांना ती देता येत नाही, कारण त्यांचे पोषण हे आधीच कर्तव्य आहे. हनफी शास्त्रकार यात ‘तमलीक’ ही आणखी एक अट घालतात: रक्कम पात्र माणसाच्या मालकीची झाली पाहिजे. त्यामुळे विहीर खोदली, दवाखान्याची इमारत बांधली किंवा शिक्षकाचा पगार दिला, तर जकात फिटत नाही, कारण विहिरीला मालक नसतो आणि पगार हा कामाचा मोबदला असतो. भारतातल्या अनेक मदरशांनी यावर ‘हीला-ए-तमलीक’ ही पळवाट काढली. जकातीची रक्कम आधी एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या हाती द्यायची आणि त्याने ती मदरशाला सदका म्हणून परत करायची. युसूफ अल-करदावी यांच्यासारख्या विसाव्या शतकातल्या विद्वानांनी ‘अल्लाहच्या मार्गात’ या शब्दांचा अर्थ रुंद केला, तरी हनफी मुलखांत तमलीकची अट आजही जड पडते. वाटप लवकर व्हावे आणि पैसा संस्थेच्या तिजोरीत साचू नये, हा तिचा आर्थिक परिणाम आहे; कायमस्वरूपी निधीसाठी इस्लामने ‘वक्फ’ ही स्वतंत्र संस्था ठेवली.

दशांशाकडे वळल्यावर पहिली अडचण अशी येते की, तो एक नाही. हिब्रू ग्रंथांत धान्याचा आणि गुरांचा दहावा हिस्सा लेवी या पुरोहितवंशाला द्यावयाचा सांगितला आहे, कारण त्यांना जमिनीचा वाटा मिळालेला नव्हता. दुसरा दशांश यरुशलेमला नेऊन तिथे कुटुंबानेच खायचा होता. आणि सात वर्षांच्या चक्रात तिसऱ्या व सहाव्या वर्षी तो गावातले परके, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी होता. म्हणजे मूळ व्यवस्थेत दशांशाचा एक भाग पुरोहिताचे वेतन, एक भाग तीर्थयात्रेचा खर्च आणि एक भाग गरिबांची तरतूद होता. ख्रिस्ती युरोपने यातला पहिला भाग प्रामुख्याने उचलला. ५८५ सालच्या माकाँच्या धर्मसभेने दशांश न देणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा सांगितली आणि ७७९ साली शार्लमेनच्या हेर्स्टालच्या आज्ञापत्राने त्याला राजाज्ञेचे बळ मिळाले. मराठी बायबलात ‘दशमांश’ किंवा ‘दशांश’ असा शब्द येतो. मराठी कानाला तो अपरिचित नाही, कारण पुरश्चरणात जपाच्या दशांश हवन आणि हवनाच्या दशांश तर्पण करतात. तिथला दशांश मात्र मंत्रसंख्येचा आहे, धान्याचा नाही, एवढे भान ठेवले म्हणजे पुरे.

युरोपातला दशांश ढोबळ उत्पन्नावर होता, म्हणजे बियाणे, मजुरी आणि खत यांचा खर्च वजा न करता शेतातल्या दर दहाव्या पेंढीवर. ॲडम स्मिथ याने १७७६ च्या आपल्या ग्रंथात यातला दोष नेमका दाखवला आहे, आणि तो हिशेब आजही उपयोगी पडतो. दोन शेतांत प्रत्येकी शंभर रुपयांचे पीक आले असे धरावे. सुपीक शेताला लागवडीचा खर्च पन्नास, तर मालकाला खंड म्हणून पन्नास उरतात. त्यातून दशांशाचे दहा गेले, म्हणजे खंडाचा पाचवा हिस्सा. हलक्या शेताला खर्च ऐंशी, खंड वीस. त्यातूनही दहाच गेले, पण तो झाला खंडाचा अर्धा. नाव दहा टक्क्यांचे असले, तरी प्रत्यक्षात एकावर वीस टक्के आणि दुसऱ्यावर पन्नास टक्के बोजा पडतो, आणि ज्याने खर्च करून जमीन सुधारली त्याच्या सुधारणेतही धर्मसंस्था काही न घालता वाटेकरी होते.

याच ठिकाणी जकातीच्या एका उपप्रकाराशी खरी तुलना करता येते. शेतीच्या पिकावरची जकात ‘उश्र’ म्हणून ओळखली जाते आणि त्या शब्दाचा अर्थही दशांशच आहे. पण पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकावर दहा टक्के आणि मोट, रहाट लावून ओलीत केलेल्या पिकावर पाच टक्के असा तिथे भेद आहे. म्हणजे स्मिथने दाखवलेल्या अन्यायावर, निदान पाण्याच्या खर्चापुरती, सूट देण्याची तजवीज त्या नियमात होती. इतर खर्च वजा करावेत की नाहीत, याविषयी शास्त्रकारांत मतभेद राहिले. दशांशाशी तुलना करायची तर ती उश्राशी करावी. रोकडीवरच्या अडीच टक्क्यांशी करणे म्हणजे शेतसारा आणि संपत्तिकर यांची तुलना करण्यासारखे आहे.

दानाचा विचार करताना दर हा प्रश्नच मागे पडतो, कारण धर्मशास्त्राने दानाला टक्केवारी बांधून दिलेली नाही. बांधून दिली आहे ती मर्यादा, आणि तीही वरची. कुटुंबाच्या पोषणाला बाध येईल असे दान देऊ नये, असे याज्ञवल्क्यस्मृतीचे मत आहे. बाकी सगळे लक्ष आहे ते दाता, घेणारा, श्रद्धा, देय वस्तू, स्थळ आणि काळ या सहा अंगांवर. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’त दानावर एक संपूर्ण खंड रचला, आणि विसाव्या शतकात महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्या सगळ्या परंपरेची छाननी केली. तिच्यात घेणाऱ्याची गरज ही एकमेव कसोटी नाही. तो ‘पात्र’ असला पाहिजे, म्हणजे विद्या, आचार आणि संयम यांनी दान धारण करण्यास योग्य. उपाशी माणसाला अन्न देताना पात्रता पाहू नये, असा अपवाद होता. पण गाय, भूमी किंवा सुवर्ण यांच्या बाबतीत पात्रता पाहिली जाई. बनारसच्या महाब्राह्मणांचा अभ्यास करणारे जोनाथन पॅरी यांनी १९८६ मध्ये दाखवले की, तिथे दानाबरोबर दात्याचे पापही जाते असे मानले जात होते, त्यामुळे घेणारा ओझ्याखाली वाकलेला असे आणि परतफेड तर वर्ज्यच होती. मार्सेल मोस याने १९२५ मध्ये भेट ही परतफेडीचे बंधन घालते असा जो सिद्धांत मांडला, त्याला भारतीय दानाने असा अपवाद उभा केला.

दान पुरे केव्हा होते, याविषयी शास्त्रकार कायदेपंडितांइतके काटेकोर आहेत. दात्याचे स्वत्व, म्हणजे मालकी, संपली पाहिजे आणि दुसऱ्याचे उत्पन्न झाले पाहिजे. ‘मिताक्षरा’कार विज्ञानेश्वराच्या मते त्यासाठी घेणाऱ्याचा स्वीकार हवा, तर बंगालच्या जीमूतवाहनाने दात्याच्या त्यागानेच ते घडते असे मानले. तमलीकशी याचे साम्य नजरेत भरते. पण धर्मशास्त्राने याच्या शेजारी ‘उत्सर्ग’ ठेवला: तळे, विहीर, धर्मशाळा किंवा आमराई सर्वांसाठी सोडून द्यायची, कोणा एकाच्या मालकीत न देता, आणि दातासुद्धा त्या तळ्याचे पाणी इतरांसारखेच पिऊ शकतो. जी विहीर हनफी जकातीत बसत नाही, ती इथे पुण्याच्या पहिल्या रांगेत आहे, फक्त तिचे नाव दान नसून उत्सर्ग आहे. मराठीत दोन्हींना सरसकट दानधर्म म्हटले जाते.

कायम निधीची गोष्ट नाशिकच्या पांडवलेण्यांत अक्षरशः कोरून ठेवलेली आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या दहाव्या लेण्यातील शिलालेखात, बेचाळिसाव्या वर्षी, तीन हजार कार्षापणांची ‘अक्षयनीवी’, म्हणजे कधीही न मोडायची ठेव, गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने, एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत करायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या ठेवीचे व्याज वर्षाला दोनशे चाळीस होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत असे लेखात म्हटले आहे. वीस गुणिले बारा म्हणजे बरोबर दोनशे चाळीस. दुसऱ्या ठेवीचे नव्वद कार्षापण भिक्षूंच्या किरकोळ खर्चासाठी. हाच उषवदात देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावे दिल्याचेही सांगतो, म्हणून त्याला बौद्ध दाता किंवा वैदिक दाता अशा एकाच रकान्यात बसवता येत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याचे दान म्हणजे विणकरांना मिळालेले दीर्घ मुदतीचे भांडवल आहे आणि भिक्षूंना मिळालेले वर्षासन आहे. जकातीच्या चौकटीत हे दोन कारणांनी शक्य नाही: मुद्दल वाटले गेलेले नाही आणि व्याज घेतलेले आहे. ऑटोमन साम्राज्यात सोळाव्या शतकात रोख रकमेचे वक्फ निघाले, तेव्हा नेमका हाच वाद पेटला. मुख्य मुफ्ती एबुस्सुऊद यांनी त्यांना मान्यता दिली आणि बिर्गीवी यांनी कडाडून विरोध केला.

शास्त्रातल्या या भेदांनंतर प्रत्यक्ष वसुलीकडे पाहिले, की जकात आणि दशांश एकाएकी एकमेकांच्या जवळ येतात. जेम्स स्कॉट यांनी १९८७ मध्ये मलेशियातल्या केदाह राज्यातील भातशेतकऱ्यांची जकात आणि क्रांतिपूर्व फ्रान्सचा दशांश यांची तुलना केली, आणि या विषयावरचे ते सर्वांत उपयुक्त लेखन म्हणता येईल. केदाहमध्ये १९५५ पासून राज्याचे जकात कार्यालय भातावर वसुली करू लागले. लोकांनी उघड विरोध केला नाही. त्यांनी जमिनीचे क्षेत्र कमी सांगितले, ठरल्यापेक्षा कमी भात घातला, त्यात पेंढा, माती आणि ओले दाणे मिसळले, आणि काहींनी नोंदच केली नाही. फ्रान्समध्ये पेंढ्या लहान बांधल्या जात, पीक वसुलीदार येण्याआधी हलवले जाई आणि दशांश नसलेली पिके पेरली जात. दोन्हीकडे तक्रार एकच होती: धान्य गावाबाहेर जाते. केदाहचे भात राजधानीत जाई, फ्रान्सचा दशांश दूरच्या मठांना आणि धर्मपीठांना मिळे, तर गावचा पाद्री तुटपुंज्या वेतनावर राही. यातली लक्षणीय बाब अशी की, केदाहच्या शेतकऱ्यांनी जकात नाकारली नव्हती; सरकारी जकातीला ते ‘राजाची जकात’ म्हणत, आणि तिच्याशिवाय गावातल्या गरिबांना, मजुरांना आणि इमामाला स्वतंत्र, खाजगी जकात आपणहून देत. केवळ सरकारी नोंदी पाहणारा अभ्यासक त्यांना कंजूष ठरवील.

पाकिस्तानात १९८० च्या जकात व उश्र अध्यादेशाने बचत खात्यांतून रमजानच्या पहिल्या तारखेला अडीच टक्के परस्पर कापून घेण्यास सुरुवात झाली. जाफरी शियांच्या मते कागदी चलनावर जकातच नाही, त्यांच्याकडे वर्षाच्या शिलकीवर ‘खुम्स’ म्हणजे पाचवा हिस्सा असतो. त्यांनी त्याच वर्षी इस्लामाबादेत मोठी निदर्शने केली आणि प्रतिज्ञापत्राने सूट मिळवली. १९९९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सुन्नींनाही तशी सूट मागण्याची वाट मोकळी केली. दरम्यान, रमजान लागण्याआधी बँकांतून पैसे काढून घेणे आणि सण झाल्यावर पुन्हा भरणे हा तिथला परिपाठ झाला. ते काढलेले पैसे जकात म्हणून शेजाऱ्यांना गेले की गेलेच नाहीत, हे बँकेच्या खात्यावरून कळत नाही.

दशांशाची सक्ती यापूर्वीच संपली होती. फ्रान्सने ती ऑगस्ट १७८९ मध्ये रद्द केली. इंग्लंडने १८३६ मध्ये पेंढ्यांऐवजी गहू, जव आणि ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर आधारलेली रोख आकारणी आणली, १९३६ मध्ये तीही मोडीत काढली आणि तिच्या बदल्यात लावलेले वार्षिक हप्ते १९७७ पर्यंत चालले. आज ख्रिस्ती मंडळ्यांत दशांश दिला जातो तो बहुधा पगारावर आणि स्वेच्छेने, म्हणजे नाव जुने आणि वर्तन दानाचे. उलट, जकात काही देशांत सक्तीच्या वसुलीकडे गेली आहे. सौदी अरेबियात कंपन्यांकडून ती कर-खातेच घेते.

हे सगळे ध्यानात घेतले, तर महाराष्ट्रात पाहणी करणाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. ‘गेल्या वर्षी आपण किती दान केले?’ असा प्रश्न मराठी प्रश्नावलीत विचारला, तर मुसलमान उत्तरदाता बहुधा जकात वगळेल, कारण ती त्याच्या लेखी देणे आहे, दान नव्हे. हिंदू उत्तरदाता देवळातल्या हुंडीत टाकलेले आणि भटजींना दिलेली दक्षिणाही धरील, जरी शास्त्राने दक्षिणेला कर्माचे वेतन मानून दानापासून वेगळे काढले आहे. आणि ख्रिस्ती उत्तरदाता चर्चच्या पाकिटात टाकलेली रक्कम धरील की नाही, हे त्याच्या मंडळीच्या शिकवणुकीवर अवलंबून राहील. या तीन उत्तरांची सरासरी काढता येते, पण ती कशाची, हे सांगता येत नाही. प्रश्नावलीत कर्तव्य म्हणून दिलेले, धर्मसंस्थेच्या खर्चासाठी दिलेले आणि गरजूच्या हाती दिलेले असे तीन रकाने वेगळे ठेवावेत, आणि ‘जकात’ हा शब्द वापरताना त्याच्यापुढे कंसात ‘नाक्यावरची नव्हे’ असे लिहिण्यास लाजू नये.